श्रवणयंत्रात फोनचा आवाज

बाबांच्या श्रवणयंत्रात कॉल थेट येतो, मग इअरबड्सपेक्षा वेगळं काय? आणि समोरच्याला त्यांचा आवाज का जात नाही?

ब्लूटूथ दोन्हीकडे आहे. पण यंत्राची बॅटरी चिमुकली, ती दिवसभर पुरायला हवी. म्हणून बहुतेक यंत्रं कमी वीज खाणारं ब्लूटूथ लो एनर्जी वापरतात. शिवाय फोनचा आवाज बाबांच्या ऑडिओग्रामनुसार, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखानुसार, जिथे कमी ऐकू येतं तिथे वाढवून कानात जातो. साधे इअरबड्स सगळ्यांना सारखंच ऐकवतात.

कॉलची गोम माइकमध्ये आहे. बऱ्याच यंत्रांत आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो, बाबांचं बोलणं फोनचाच माइक टिपतो. फोन खिशात असला की समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. बाबांना फोन हातात, तोंडासमोर धरायला सांगा.

गाण्यात तबल्याचा डग्गा पोकळ वाटला तर घाबरू नका, यंत्राच्या डोममधून, म्हणजे कानात बसणाऱ्या छिद्रांच्या मऊ टोपीतून, खालचे स्वर बाहेर निसटतात.