परीक्षेच्या पेपरसाठी लेझर प्रिंटर हवाय, मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहू?

प्रश्न: शाळेत परीक्षेचं काम माझ्याकडे आहे. पेपर छापायला लेझर प्रिंटर घ्यायची मंजुरी मुख्याध्यापकांकडून हवीय. पत्रात काय काय लिहू? नमुना असेल तर द्या प्लीज.

उत्तर: सगळ्यात आधी पानांचा हिशोब करा, पत्र त्याच्यावरच उभं राहतं. समजा ६ वर्ग आहेत, प्रत्येकात ४० मुलं, ६ विषय आणि पेपर चार पानी. म्हणजे १४४० पेपर झाले, छापील पानं ५७६० आणि पाठपोट काढलं तर कागद २८८०, म्हणजे ५०० चे सहा रीम. हे एका परीक्षेचं झालं, तुमचे आकडे टाकून वर्षाचं काढा.

हे वाचून पहिला प्रश्न येणारच की मग इंक टँकवाला का नको, त्यात तर पान स्वस्त पडतं. खरंय, पडतं, आणि रोज थोडं थोडं छापायचं असेल तर तोच घ्यावा. पण पेपरचं काम तसं नसतं ना, चार दिवस धो धो छपाई आणि मग कित्येक आठवडे मशीन बंद. शाईचा प्रिंटर असा पडून राहिला की हेडमधली बारीक छिद्रं सुकतात, मग ऐन परीक्षेच्या आधी पांढऱ्या रेघा यायला लागतात आणि क्लीनिंग करता करताच शाई संपते. लेझरमध्ये टोनर म्हणजे कोरडी पावडर, ती उष्णतेने कागदावर पक्की बसते, त्यामुळे पडून राहिला तरी सुकायचा प्रश्न नाही आणि मुलांच्या ओल्या हाताने अक्षर फुटत नाही. पत्रात हे कारण नक्की लिहा.

दुसरं म्हणजे टोनर. डब्यावर ३००० पानं लिहिलेली असतात ती पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा होईल असं धरून. आपले पेपर दाट, त्यात आकृत्या, नकाशे, म्हणजे पानं कमीच निघणार. वरच्या हिशोबाला कागदावर दोन टोनर पुरतात, पण तुम्ही तीन धरा. शिवाय मशीनसोबत बऱ्याचदा स्टार्टर टोनर येतो, तो लवकर संपतो. म्हणून टोनरची मंजुरी त्याच पत्रात मागा, नाहीतर मशीन आलंय आणि पेपर अर्धेच छापलेत असं होतं.

वेगाचंही तसंच आहे. मिनिटाला ३० पानं हा एका बाजूचा वेग असतो, पाठपोट काढताना तो बराच उतरतो. १५ धरला तर ५७६० पानांना साडेसहा तास जवळपास, वर कागद भरणं वेगळं. मॉडेल बघताना महिन्याची कमाल क्षमता बघू नका, शिफारस केलेली पानं बघा, कमाल आकडा खूप मोठा असतो पण तेवढं रोज चालवायला ते मशीन नसतं. आणि तुमचा हिशोब याच्या कितीतरी वर जात असेल, एकाच पेपरच्या शेकडो प्रती लागत असतील, तर डुप्लिकेटर परवडतो, लेझरवर फक्त मूळ प्रत काढायची.

गुप्ततेचा मुद्दा सगळेच लिहितात पण "गोपनीयता राहील" एवढंच लिहून भागवतात. ती कशी राहील ते लिहा. वायफाय बंद, फक्त यूएसबी, खोलीला कुलूप. कागद अडकला आणि तसाच सोडून गेलात तर नंतर कोणी तो काढल्यावर उरलेली पानं आपोआप बाहेर येऊ शकतात, म्हणून निघताना प्रिंट क्यू रिकामी करायची आणि खराब पानं तिथेच फाडायची.

नमुना घ्या, आकडे तुमचे टाका:

मा. मुख्याध्यापक,
विषय: प्रश्नपत्रिका छपाईसाठी लेझर प्रिंटर खरेदीस मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,
एका परीक्षेसाठी आपल्या शाळेत १४४० प्रश्नपत्रिका, म्हणजे ५७६० पाने छापावी लागतात. सध्या ही छपाई बाहेर होत असल्याने प्रश्नपत्रिका परीक्षेआधी इतरांच्या हाती जातात व ऐनवेळी दुरुस्ती करता येत नाही. छपाई सलग काही दिवस व नंतर दीर्घ खंड अशी असल्याने शाईऐवजी टोनरचे यंत्र योग्य ठरेल. तरी पाठपोट छपाई करणारा एकरंगी लेझर प्रिंटर व तीन टोनर यांच्या खरेदीस मंजुरी द्यावी, ही विनंती. यंत्र परीक्षा विभागाच्या कुलूपबंद खोलीत राहील व छपाईची नोंदवही मी ठेवेन. कोटेशन व वर्षभराच्या पानांचा तक्ता सोबत जोडला आहे.
आपला विश्वासू,
(नाव, परीक्षा विभाग)

छपाई बाहेर होत नसेल तर ते वाक्य बदला, जे खरं असेल तेच लिहा. आणि पत्र परीक्षेच्या तोंडावर देऊ नका, मशीन आल्यावर एखाद्या छोट्या चाचणीचे पेपर त्यावर काढून बघायला वेळ हवा.