'निसर्ग' बांगलादेशाचं, 'गुलाब' पाकिस्तानचं : चक्रीवादळांच्या नावांची रांग

प्रश्न : चक्रीवादळांना नावं कोण देतं? 'निसर्ग' हे नाव आपण ठेवलं होतं का? आणि 'गुलाब' वादळाचं पुढे 'शाहीन' कसं काय झालं?

'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं दिलं होतं. शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला, वादळ आलं आपल्याच किनाऱ्यावर, त्यामुळे ते महाराष्ट्रानं किंवा निदान भारतानं ठेवलं असेल असं बहुतेकांना वाटलं. मी तेव्हा एका मराठी वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो आणि त्या दोन दिवसांत हा प्रश्न मला कितीतरी वाचकांनी विचारला. वादळ कुठे येतंय याचा आणि त्याच्या नावाचा काही संबंध नसतो. नावांची यादी आधीच तयार असते आणि रांगेत ज्याचा नंबर लागेल ते नाव मिळतं.

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्हींसाठी मिळून एकच यादी आहे. ती ठरवतं जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांचं संयुक्त पॅनेल. त्यात आज १३ देश आहेत. इंग्रजी अकारविल्हे त्यांचा क्रम असा : बांगलादेश, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, श्रीलंका, थायलंड, संयुक्त अरब अमिराती, येमेन. प्रत्येक देशानं १३ नावं द्यायची, म्हणजे एकूण १६९. पहिल्या फेरीत प्रत्येक देशाचं पहिलं नाव वापरायचं. येमेनपर्यंत पोचलं की पुन्हा बांगलादेशापासून दुसरी फेरी. ही यादी २८ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. त्याआधी २००४ पासून आठ देशांची ६४ नावांची यादी चालू होती आणि तिच्यातलं एकच नाव उरलं होतं, थायलंडचं 'अम्फान'. मे महिन्यात ते बंगालमध्ये वापरलं गेलं आणि जुनी यादी संपली. पुढचं जे वादळ होईल ते नव्या यादीचं पहिलं, म्हणजे बांगलादेशाचं पहिलं नाव घेणार होतं. ते होतं 'निसर्ग'.

देश नावं सुचवतात, पॅनेल ती मंजूर करतं, पण प्रत्यक्ष एखाद्या वादळावर नाव ठेवण्याचं काम दिल्लीतल्या आपल्या हवामान खात्याचं. या भागासाठी ते जागतिक संघटनेनं नेमलेलं प्रादेशिक केंद्र आहे. त्यामुळे उद्या ओमानच्या किनाऱ्याजवळ वादळ झालं तरी त्याचं नाव दिल्लीहूनच जाहीर होणार.

आता नाव केव्हा मिळतं, ते बघू. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, त्याचं डिप्रेशन होतं, मग डीप डिप्रेशन. इथपर्यंत ते बिननावाचं असतं. केंद्राभोवतीच्या वाऱ्याचा तीन मिनिटांचा सरासरी वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि त्याच क्षणी रांगेतलं पुढचं नाव त्याला लागतं. झोताचा वेग धरत नाहीत, सरासरी धरतात. समुद्रावर वारा मोजायला सगळीकडे यंत्रं नसतात, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रातली ढगांची गुंडाळी, जहाजांच्या आणि तरंगत्या केंद्रांच्या नोंदी, किनाऱ्याजवळ आलं तर रडार, हे सगळं जुळवून तज्ज्ञ हा आकडा ठरवतात.

२०२० च्या जूनमध्ये काय झालं ते पाहा. ३१ मेच्या सुमारास अरबी समुद्राच्या बाजूला दोन प्रणाली होत्या. एक आपल्याकडची, लक्षद्वीपच्या आसपास आकार घेत असलेली. दुसरी ओमान-येमेनच्या किनाऱ्यावरचं डिप्रेशन, ज्यानं सलालाह भागात पूर आणला. आपल्याकडचं वादळ तेव्हा नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं, तरी बातम्यांमध्ये सर्रास 'निसर्ग येतंय' सुरू झालं होतं. पण ओमानजवळच्या प्रणालीनं आधी ३४ नॉट ओलांडले असते, तर 'निसर्ग' हे नाव तिला गेलं असतं आणि अलिबाग-श्रीवर्धनवर जे आलं ते भारताचं 'गती' म्हणून आलं असतं. तसं झालं नाही. २ जूनला दुपारी आपल्याकडची प्रणाली चक्रीवादळ झाली, तिला नाव मिळालं आणि ३ जूनला दुपारी ती अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढली. मी डेस्कवर तेव्हापासून एक नियम पाळतो. खात्याच्या पत्रकात नाव येईपर्यंत मथळ्यात नाव घालायचं नाही, 'संभाव्य चक्रीवादळ' लिहायचं. उशीर झाल्याबद्दल बोलणी खावी लागली तरी चालतील, पण वाचकाला चुकीचं नाव द्यायचं नाही.

आता गुलाब आणि शाहीन. पाकिस्तानचं 'गुलाब' हे नाव मिळालेलं वादळ २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. जमिनीवर आलं की वादळाला खालून मिळणारी समुद्राची ओल आणि उष्णता तुटते, जमिनीशी घर्षण वाढतं, वारा उतरतो. त्याचं डीप डिप्रेशन झालं, मग डिप्रेशन, आणि महाराष्ट्रावर येईतो नुसतं ठळक कमी दाबाचं क्षेत्र उरलं. खात्याच्या वहीत 'गुलाब' तिथे संपलं. पण ते अवशेष पश्चिमेकडे सरकत राहिले, गुजरात ओलांडून ३० सप्टेंबरला अरबी समुद्रात उतरले, कोमट पाण्यावर पुन्हा जोर धरला आणि १ ऑक्टोबरला पुन्हा ३४ नॉटची रेषा ओलांडली. जुनी प्रणाली मध्ये डिप्रेशनच्याही खाली गेली होती म्हणून ही नवी प्रणाली धरली गेली, आणि नव्या प्रणालीला रांगेतलं पुढचं नाव. पाकिस्ताननंतर कतार, कतारचं पहिलं नाव 'शाहीन', म्हणजे ससाणा. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळलं.

याच्या उलट २०१८ चं 'गज' बघा. ते नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूच्या नागपट्टिणम-वेदारण्यम भागात आलं, केरळ ओलांडून अरबी समुद्रात गेलं, पण वाटेत त्याची प्रणाली विस्कटून डिप्रेशनच्या खाली गेली नाही. म्हणून पलीकडेही ते 'गज'च राहिलं. दुसऱ्या महासागरातून येणारी वादळंही नाव घेऊनच येतात. जानेवारी २०१९ मध्ये 'पाबुक' थायलंडच्या आखातातून अंदमान समुद्रात आलं. त्याचं नाव प्रशांत महासागराच्या यादीतलं, लाओसनं दिलेलं. दिल्लीनं ते तसंच ठेवलं.

'गुलाब'च्या बाबतीत मला एक गोष्ट फार टोचते. २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. हे सगळं होत असताना वादळ नावालासुद्धा वादळ उरलं नव्हतं. नाव वाऱ्याच्या वेगावर दिलं जातं, पावसावर नाही. नाव गेलं म्हणून धोका गेला असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तेव्हाच्या काही बातम्यांनीही 'वादळ ओसरलं' एवढंच सांगून विषय सोडला होता. आतल्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी नावाकडे न बघता जिल्ह्याचा पावसाचा इशारा बघावा.

नावं निवडायचे नियम साधे आहेत. राजकीय व्यक्ती, धर्म, संस्कृती यांच्याशी जोडलेलं नाव नको, कुणाच्या भावना दुखावतील असं नको, फार क्रूर नको, उच्चारायला सोपं हवं, इंग्रजीत आठ अक्षरांपेक्षा मोठं नको. हे नियम अनुभवातून आले आहेत. २०१३ च्या मे महिन्यात श्रीलंकेनं दिलेलं 'महासेन' हे नाव एका वादळाला लागलं आणि श्रीलंकेतच निषेध सुरू झाला. महासेन हा तिथे तलाव बांधून भरभराट आणणारा राजा म्हणून आदरानं आठवला जातो, त्याचं नाव विध्वंसाला कसं द्यायचं, असं लोकांचं म्हणणं होतं. शेवटी ते बदलून 'वियारू' करावं लागलं.

भारताची सध्याची १३ नावं अशी : गती, तेज, मुरासू, आग, व्योम, झार, प्रोबाहो, नीर, प्रभंजन, घुर्नी, अंबुद, जलधी, वेग. यात तमिळ आहे, बंगाली आहे, संस्कृतातून आलेले आपल्या ओळखीचे शब्दही आहेत.

उच्चाराचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. यादीत नाव रोमन अक्षरांत असतं आणि शेजारच्या रकान्यात उच्चार दिलेला असतो, पण तो रकाना फारसं कुणी बघत नाही. मे २०२१ मध्ये म्यानमारचं Tauktae आलं. उच्चार 'ताउते', ब्रह्मी भाषेत आवाज करणारी पाल. मराठी वृत्तपत्रांत मात्र 'तौक्ते' रूढ झालं आणि आज कोकणात कुणालाही 'तौक्ते'च आठवतं. Fengal चा उच्चार 'फेंजल', Michaung चा 'मिगजॉम'च्या जवळचा, तरी 'फेंगल' आणि 'मिचाँग' छापून आलंच. देवनागरीत आपण जसा उच्चार तसं लिहू शकतो, आणि तरी रोमन स्पेलिंग अक्षर-अक्षर उतरवतो, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही 'फिरती यादी' असं कुठे वाचलं असेल तर ती अटलांटिकची पद्धत. तिथे सहा याद्या आहेत, प्रत्येकीत २१ माणसांची नावं, आणि सहा वर्षांनी तीच यादी परत येते. फार नुकसान करणाऱ्या वादळाचं नाव मात्र कायमचं काढून टाकतात. २००५ च्या 'कॅटरिना'च्या जागी 'कॅटिया' आलं ते असंच. आपल्याकडे फिरतो तो देशांचा क्रम, नावं नाहीत. एकदा वापरलेलं नाव पुन्हा येत नाही, वादळ लहान असो की मोठं. २०२० ते २०२४ या काळात नव्या यादीतली २२ नावं वापरली गेली. याच वेगानं उरलेली नावं अजून तीसेक वर्षं पुरतील, मग हे १३ देश पुन्हा नव्या याद्या घेऊन बसतील.