कंसात काय लिहायचे आणि काय गाळायचे

प्रश्न: शॉर्ट फिल्मला कर्णबधिर प्रेक्षकांसाठी क्लोज्ड कॅप्शन्स लिहायची आहेत. कोणकोणते आवाज कंसात द्यायचे आणि बोलणाऱ्याचे नाव प्रत्येक ओळीला लिहायचे का?

नाव प्रत्येक ओळीला मुळीच लिहू नये. बोलणाऱ्याचे ओठ पडद्यावर दिसत असतील तर नावाची गरज नसते. तो चौकटीबाहेर असेल, पाठमोरा असेल किंवा घोळक्यात असेल, तरच ओळख द्यावी. ती किती द्यावी, यावरून माझा बेळगावातल्या एका दिग्दर्शकाशी असा वाद झाला की आमचे बोलणे आजही जेमतेम आहे.

चित्रपट खानापूर तालुक्यातल्या एका घरात घडतो. पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे, सासरे झोपलेले आहेत आणि सून चुलीपाशी बसली आहे. बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबते, ते ऐकून सून कंदील मालवते आणि मग दारावर थाप पडून एक पुरुष कन्नडमध्ये दार उघडायला सांगतो. तो तिचा परागंदा झालेला भाऊ आहे, हे आपल्याला नंतर, दार उघडल्यावरच कळते. दिग्दर्शकाने स्वतः लिहिलेल्या कॅप्शन्समध्ये मोटारसायकल नव्हती आणि थापेनंतरच्या ओळीला ‘भाऊ’ असे नाव दिलेले होते. म्हणजे ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला जे कळते ते कर्णबधिर प्रेक्षकापासून लपवले आणि जे कुणालाच कळायला नको होते ते त्याला आधीच सांगून टाकले. माझ्या थोरल्या भावाला लहानपणापासून ऐकू येत नाही. त्याने पाहता पाहता मला खुणेने एकच विचारले, की तिने कंदील का विझवला? दिग्दर्शक महाशयांचे म्हणणे पडले की ‘चित्रावरून कळतेच की’. चित्रात बंद दार होते, त्यावरून काय कळणार होते?

माझ्या मते तो तुकडा असा हवा होता:

```
41
00:06:12,400 --> 00:06:14,300
[बाहेर मोटारसायकल थांबते]

42
00:06:17,000 --> 00:06:18,400
[दारावर जोरात थाप]

43
00:06:18,600 --> 00:06:20,800
[बाहेरून पुरुष, कन्नडमध्ये]
दार उघडा.
```

यात 41 क्रमांकाची ओळ इंजिन बंद होण्याच्या क्षणीच यायला हवी. ती कंदील मालवल्यानंतर आली तर कारण आणि परिणाम उलटे होतात. कन्नड वाक्याचा अर्थ दिला आहे, कारण सुनेला ते समजते आणि बेळगावकडच्या बऱ्याच प्रेक्षकांनाही समजते. पात्राला ती भाषा कळत नाही हेच कथेत दाखवायचे असेल, तर मात्र ‘कन्नडमध्ये बोलतो’ एवढेच लिहून थांबावे. भाऊ दारात दिसला आणि सुनेने त्याला ओळखले की तिथून पुढे, तो चौकटीबाहेर गेल्यावर, त्याचे नाव खुशाल द्यावे.

पावसाचे म्हणाल तर तो दृश्याच्या सुरुवातीला एकदा लिहावा (पत्र्यावर मुसळधार पाऊस) आणि थांबला की ‘पाऊस थांबतो’ हेही लिहावे, कारण त्या शांततेतच पुढची कुजबुज ऐकू येते. मधल्या वेळेत तो पुन्हा पुन्हा लिहिल्याने फक्त संवाद झाकला जातो. सून भाकरी थापताना दिसते आहे, तिथे थापण्याचा आवाज लिहायचे कारण नाही. दिसत नसलेला आवाज, किंवा दिसत असूनही ज्यावर एखादे पात्र दचकते, वळते, गप्प होते असा आवाज, एवढीच माझी निवड असते.

संगीतावरून तर आमची चांगलीच जुंपली. त्यांनी सगळीकडे नुसते ‘संगीत’ लिहिले होते, जे न लिहिल्यासारखेच आहे. मी ‘सनईचे संथ सूर’ सुचवले, तेव्हा ‘बहिऱ्याला सनई काय कळणार’ असे उत्तर मिळाले. हा माणूस कर्णबधिर म्हणजे जन्मापासून काहीच न ऐकलेला असे धरून चालला होता. वयोमानाने ऐकू कमी झालेले, आजाराने ऐकणे गेलेले, यंत्र लावून अर्धेमुर्धे ऐकणारे असे कितीतरी प्रेक्षक असतात आणि त्यांच्या कानात सनई अजून असते. ‘हृदयद्रावक संगीत’ हेही मला चालत नाही. वाद्य आणि लय सांगावी, रडायचे की नाही ते प्रेक्षक ठरवील.

एकावेळी दोनच ओळी ठेवा आणि कोणतीही ओळ सेकंदाहून कमी वेळ ठेवू नका. दोन आवाज एकदम आले तर कथेला लागणारा ठेवा, दुसरा सोडून द्या. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना लिखित मराठी जड जाऊ शकते, म्हणून कंसातले शब्द सोपे असावेत. पात्रांचे संवाद मात्र सोपे करत बसू नयेत, ते पात्राच्या तोंडचेच राहू द्यावेत. हे सगळे मी लघुपटांच्या अनुभवावरून सांगते आहे, वाहिन्यांचे नियम वेगळे असू शकतात. फाइल UTF-8 मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे उमटतात, आणि अक्षरे चित्रावर कायमची छापू नका. आमच्या दिग्दर्शकांनी तीच छापून टाकली, त्यामुळे त्यांच्या चित्रपटात ‘भाऊ’ आजही दार उघडण्याआधीच येतो आणि ते दुरुस्त करायचे तर सगळा चित्रपट पुन्हा एक्सपोर्ट करावा लागेल.