चार लाखांची एफडी मोडून क्लास लावायचा, की पोराला आयटीआयला घालायचं?

प्रश्न: आम्ही पलूस तालुक्यातले. दीड एकर द्राक्षबाग आहे. मुलगा दहावीला ७१ टक्क्यांनी पास झाला, पण गणितात ५२ गुण आहेत. सांगलीतला इंटिग्रेटेड क्लास दोन वर्षांचे २ लाख ४० हजार मागतोय. मुलगा म्हणतो, मला आयटीआयला फिटर करायचंय. घरचे म्हणतात, लोक काय म्हणतील. चार लाखांची एफडी आहे, ती मोडू का?

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका. क्लास वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. ज्याचं गणित ५२ वर अडलंय, त्याच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेवर घरातली निम्म्याहून जास्त शिल्लक लावायची, हा सौदा मला पटत नाही. क्लासनंतर तुमच्याकडे १ लाख ६० हजार उरतील. तिथून पुढे खाजगी इंजिनीअरिंगची चार वर्षं काढायची तर शैक्षणिक कर्ज आलंच, आणि त्यावर सहकर्जदार म्हणून सही तुमचीच. एखाद्या वर्षी अवकाळीनं बाग झोडपली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

आता मुलाच्या बाजूनं हिशेब मांडू. सरकारी आयटीआयत फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. फी, एसटीचा पास, ड्रेस, बूट, वह्या असं सगळं मिळून दोन वर्षांत ३५-४० हजार धरा, ते घरखर्चातून निघतील. त्यानंतर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय पास मुलाला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन द्यावंच लागतं, म्हणजे वर्षाचे ८४ हजार. ही जागा किर्लोस्करवाडी किंवा कुपवाडला मिळून मुलगा घरून ये-जा करू शकला, तर महिन्याला पाच हजारांची आरडी सहज होईल. पुण्याला गेला तर कॉट बेसिसची खोली आणि मेस यांतच सगळं जाईल, उलट घरून पाठवावे लागतील. त्यामुळे पहिली पसंती जवळच्या कारखान्याला द्या.

एफडी सात टक्क्यांनी तीन वर्षं राहिली तर ४ लाख ९० हजारांच्या आसपास जाते. आरडीचे साठ हजार धरले तर मुलगा एकोणीस वर्षांचा होईल तेव्हा हातात साडेपाच लाख आणि त्याच्या खिशात हुनर असेल. पुढे शिकायचं झालं तर दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जागा मर्यादित असतात आणि गुणांवर भरतात. खरी अडचण मात्र गणिताची. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित या मुलांचं झालेलंच नसतं आणि बरेच जण तिथेच गळतात. म्हणून ॲप्रेंटिसशिपच्या वर्षात संध्याकाळी गणिताची शिकवणी लावा. क्लासच्या फीतले पैसे घालायचेच असतील तर इथे घाला.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा वर्षभर एका कारखान्यात 'ट्रेनी' होता. पत्र होतं लेबर ठेकेदाराचं, करार कुठेच नोंदलेला नव्हता. वर्षभर त्यानं पेट्या उचलल्या. शेवटी ना परीक्षा, ना सर्टिफिकेट. खऱ्या ॲप्रेंटिसशिपचा करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदलेला असतो, त्याला क्रमांक असतो, पैसे मुलाच्या बँक खात्यात येतात आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रुजू व्हायच्या दिवशीच कराराचा क्रमांक मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर परत या. करार असला तरी त्यानंतर कायम नोकरी द्यायचं बंधन कारखान्यावर नसतं, हेही आत्ताच मनाशी धरून चाला.

फिटरची आवड खरी आहे का, हे प्रवेशाआधी बघून घ्या. सुरुवातीचे आठवडे लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारण्यात जातात. गुण्या लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. हात भरून येतात. बागेतला ब्लोअर तो स्वतः खोलून जोडत असेल तर याला कंटाळणार नाही. कामाच्या दिवशी त्याला घेऊन आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जा आणि शिकणाऱ्या पोरांशी त्यालाच बोलू द्या.

एफडीची मुदत संपेल तेव्हा तिचे दोन भाग करा. अडीच लाख तीन वर्षांसाठी, दीड लाख एकेका वर्षासाठी. बागेला अचानक पैसे लागले तर मोठी पावती मोडावी लागणार नाही. आणि मुलगा अठराचा झाला की मशीनवर उभं राहण्याआधी त्याच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.