पॅक बंद, निवडक चॅनल सुरू: केबलवाल्याला अर्ज कसा लिहावा

प्रश्न: मी माजलगावला राहते. घरी मी आणि सासूबाई. आम्ही मराठी मालिकांची चारच चॅनल बघतो, पण केबलवाला दर महिन्याला 380 रुपयांचा पॅक टाकतो. सुटे चॅनल मागितले तर म्हणतो, “सिस्टीमला पॅकच आहेत, सुटं काही येत नाही.” लेखी अर्ज दिला तर चालेल का? त्यात काय लिहू?

उत्तर: ताई, लेखी अर्जच द्या. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. सुटे चॅनल येत नाहीत हे म्हणणं कायद्यात बसत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या 2017 च्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क चॅनल सुट्या दराने देणं बंधनकारक आहे, आणि चॅनल वाढवण्याची किंवा काढण्याची मागणी मिळाल्यापासून 72 तासांत ती अमलात आणावी लागते.

मात्र हे बंधन मुख्यतः वरच्या कंपनीवर आहे, जिला एमएसओ म्हणतात. सिग्नल तिचा, तुमच्या बॉक्सची नोंद तिच्या संगणकात. गल्लीतला केबलवाला तिचा दुवा असतो. म्हणून अर्ज दोघांच्या नावे करा. कंपनीचं नाव पावतीवर किंवा बॉक्स सुरू होताना पडद्यावर दिसतं.

अर्जाआधी हिशेब करून बघा, कारण सुटं नेहमीच स्वस्त पडत नाही. बिलाचे दोन भाग असतात: नेटवर्क शुल्क आणि सशुल्क चॅनलचे दर. नेटवर्क शुल्काची 130 रुपयांची कमाल मर्यादा जुलै 2024 मध्ये काढली, त्यामुळे तुमच्या कंपनीचा आकडा विचारा. उदाहरणापुरते 130 धरू. चार चॅनलचे दर 19, 19, 10 आणि 6 असतील तर 54 रुपये. एकूण 184, त्यावर 18 टक्के जीएसटी 33.12, म्हणजे 217.12 रुपये. चारऐवजी बारा-पंधरा महागडी चॅनल हवी असतील, तर सवलतीचा पॅकच स्वस्त पडू शकतो. मोफत चॅनलला वेगळा दर नसतो, ती नेटवर्क शुल्कातच येतात.

अर्जात सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका वाक्यामुळे. लोक नुसतं “पॅक बंद करा” लिहितात. मग पॅक निघतो, सुटे चॅनल कोणी टाकत नाही, आणि सासूबाईंची मालिका बुडते. काढणं आणि टाकणं एकाच अर्जात, एकाच तारखेपासून मागा. तारीख शक्यतो पॅकची मुदत संपते त्याच्या दुसऱ्या दिवसाची द्या, म्हणजे भरलेल्या पैशांच्या परताव्याचा वाद उरत नाही. अर्ज मात्र चार-पाच दिवस आधी पोचवा. मसुदा असा:

“विषय: पॅक बंद करून निवडक चॅनल सुरू करण्याबाबत.
ग्राहक क्रमांक ..., बॉक्स क्रमांक ..., नोंदणीकृत मोबाइल ...
माझ्या जोडणीवर सध्या ... नावाचा पॅक सुरू असून त्याची मुदत दि. ... रोजी संपते. दि. ... पासून तो पॅक काढून फक्त पुढील चॅनल सुट्या दराने सुरू करावेत: (प्रत्येकाचं नाव, चॅनल क्रमांक, दर). मोफत चॅनल चालू ठेवावेत. माझ्या संमतीशिवाय दुसरा कोणताही पॅक टाकू नये. मागणी क्रमांक कळवावा आणि पुढील पावतीवर नेटवर्क शुल्क, चॅनलचे दर व कर वेगळे दाखवावेत.”

चॅनलचं नाव नेमकं लिहा, एचडी हवं की साधं तेही. एचडीचा दर वेगळा असतो, चुकून तेच टाकलं की बचत गेली. बॉक्स क्रमांक खालच्या स्टिकरवर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. केबलवाल्याला प्रत हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. सही देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. कंपनीलाही ईमेल करा.

72 तास उलटूनही काही झालं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार क्रमांक घ्या आणि मग तक्रारींसाठी नेमलेल्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि शेवटी बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. एक सेवा हवी असेल तर दुसरीही घ्याच, अशी अट घालणं हे ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(41) मधल्या प्रतिबंधात्मक व्यापार प्रथेच्या व्याख्येत बसतं. तक्रारीत हेच कलम लिहा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दरम्यान दर महिन्याची पावती मागत राहा. ती नसेल तर 380 रुपये दिले हे सिद्ध करणं अवघड जातं.