अल्पसंख्य भागधारकाला कंपनीची रजिस्टरं बघायची असतील तर पत्र कसं लिहावं?

प्रश्न: बेळगावात आमच्या भाऊबंदांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, माझे थोडे शेअर आहेत. रजिस्टरं बघायला मागायचीत. पत्रात काय लिहू?

उत्तर: माझ्या आत्याचं सांगतो, ती खानापूरला असते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तिचे १०,००० पैकी ८०० शेअर होते. तिनं आधी स्वतःच पत्र पाठवलं, "कंपनीचे सगळे हिशेब आणि कागदपत्रं दाखवा." उत्तर आलं, हिशेबाच्या वह्या भागधारकाला बघता येत नाहीत. राग आला, पण ते कायद्याला धरून होतं. त्या वह्या बघायचा हक्क संचालकांचा. संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही आपल्याला मागता येत नाही.

म्हणून दुसऱ्या पत्रात मी हक्काचं तेवढंच नाव घेऊन मागितलं. कंपनी कायदा २०१३, कलम ९४ खाली सभासदांचं रजिस्टर आणि वार्षिक विवरणपत्रांच्या प्रती. कलम ११९ खाली सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त. मजकूर असा होता: "मी आपल्या कंपनीची सभासद आहे, फोलिओ क्रमांक अमुक, शेअर ८००. वरील नोंदी मी अमुक तारखेला सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात येऊन पाहीन. ती वेळ सोयीची नसल्यास त्याच आठवड्यातली दुसरी कळवावी. इतिवृत्ताच्या प्रतीही हव्यात, नियमाप्रमाणे शुल्क भरते." कारण लिहिलं नाही. कायदा ते विचारत नाही, आणि लिहिलं की त्यावरच वाद सुरू होतो.

सभासदाला बघायला पैसे पडत नाहीत, टिपणंही फुकट काढता येतात. प्रतीला पानामागं जास्तीत जास्त १० रुपये. वेळ कंपनी ठरवू शकते, पण कामाच्या दिवशी दोन तासांपेक्षा कमी नाही. रजिस्टरमधले इतर सभासदांचे पत्ते, ई-मेल आणि पॅन मात्र दाखवत नाहीत, त्यावरून भांडू नका.

पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावरच जाऊ द्या, कारखान्याच्या नव्हे. स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा. मी इंग्रजीत लिहिलं, कारण प्रकरण बेंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणात गेलं तर मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

ठरल्या दिवशी आत्या आणि मी गेलो. सभासदांच्या रजिस्टरात दोन वर्षांपूर्वी आणखी १०,००० शेअर दिल्याची नोंद निघाली, सगळे एकाच चुलतभावाच्या नावावर. आत्याचा ८ टक्क्यांचा वाटा ४ वर आला होता. असे शेअर बाकीच्यांना न विचारता द्यायला सर्वसाधारण सभेचा विशेष ठराव लागतो, म्हणून तारीख टिपून आम्ही लगेच इतिवृत्त उघडलं. त्या वर्षी तसा ठराव कुठंच नव्हता. इतिवृत्ताच्या त्या पानांच्या प्रती तिथंच लेखी मागितल्या. त्या सात कामकाजाच्या दिवसांत द्याव्या लागतात.

तुम्हाला नाकारलं तर नकार लेखी मागा. देत नसतील तर त्याच दिवशी "आज आलो होतो, दाखवलं नाही" असं पत्र पाठवा. कलम ९४ खाली अशा नकाराला दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड आहे. इतिवृत्त अडवलं तर ते लगेच दाखवायचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं, आणि तिथं तुमची हीच दोन पत्रं कामाला येतात.