एकच रिझर्वेशन, तीन वेगळे परिणाम

प्रश्न: एका देशाने तहावर रिझर्वेशन टाकलं आणि दुसऱ्या देशाने त्याला ऑब्जेक्शन घेतलं, तर ते रिझर्वेशन त्या दोघांपुरतं रद्द होतं का? एलएलएमच्या पेपरला काय लिहू?

नाही, रद्द होत नाही. रिझर्वेशन म्हणजे तहात सामील होताना 'हे कलम आम्हाला जसंच्या तसं लागू नाही' असं लिहून देणं. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण याच मुद्द्यावर एका मूटमध्ये, म्हणजे लॉच्या मुलांच्या नकली खटल्याच्या स्पर्धेत, भरल्या कोर्टरूममध्ये मला चूक ठरवलं गेलं होतं आणि मी चूक नव्हते.

मी रिस्पॉन्डंटकडून बोलत होते. प्रॉब्लेम असा होता की आमच्या देशाने तहातल्या आयसीजेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या, कलमावर रिझर्वेशन टाकलेलं, की आमच्या संमतीशिवाय आम्हाला कोर्टात नेता येणार नाही, आणि अ‍ॅप्लिकंट देशाने त्याला साधं ऑब्जेक्शन घेतलेलं. मी म्हटलं, तह दोघांत लागू आहे पण रिझर्वेशन जेवढ्या भागाला हात लावतं तेवढा भाग लागू नाही, म्हणून कोर्टाला अधिकार नाही. जज, जे स्वतः प्रॅक्टिस करणारे वकील होते, म्हणाले, "समोरच्याने तुमचं रिझर्वेशन स्वीकारलंच नाही ना, मग त्याच्यापुरतं ते नाहीच, पूर्ण कलम लागू." मी विचारलं, सर, आमच्या देशाने ज्या गोष्टीला संमतीच दिली नाही ती समोरच्याच्या एका पत्राने आमच्यावर कशी बसेल? त्यावर "बेसिक क्लिअर नाही" असा शेरा मिळाला, मार्क गेले, आणि बाहेर आल्यावर आमचे कोच सर म्हणाले की जज म्हणतील तिथे मान डोलवायची असते. टीममधला माझा मित्र अजूनही म्हणतो की जज बरोबर होते, आणि आमचा हा वाद आजही भेटलो की सुरू होतो.

तर आता एक खरी केस घे, आपल्याच देशाची. जिनोसाइड कन्व्हेन्शनचं, म्हणजे नरसंहाराविरुद्धच्या तहाचं, कलम ९ म्हणतं की या तहावरून दोन देशांत वाद झाला तर कुठलाही एक पक्ष तो आयसीजेत नेऊ शकतो. भारताने १९५९ मध्ये रॅटिफाय करताना लिहून दिलं की असा वाद कोर्टात न्यायचा तर प्रत्येक वेळी वादातल्या सगळ्या पक्षांची संमती लागेल. भारताने त्याला डिक्लरेशन म्हटलंय, पण नाव काहीही द्या, परिणाम कलमाचा जोर काढून घ्यायचा असेल तर ते रिझर्वेशनच. आता या एका वाक्याने वेगवेगळ्या देशांबरोबर काय झालं ते बघ.

पाकिस्तान आधीच मेंबर होता. तहांचे नियम सांगणाऱ्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनच्या कलम २० चा हिशोब असा की कळवल्यापासून बारा महिने गप्प बसलात तर स्वीकारलं असं धरतात. मग कलम २१ प्रमाणे दोघांतलं कलम ९ रिझर्वेशनपुरतं बदललं, आणि हे दोन्ही बाजूंनी बदललं, हे मुलं नेहमी विसरतात. म्हणजे उद्या भारताने कुणाला कलम ९ खाली कोर्टात खेचायचं ठरवलं तर तो देश भारताचंच रिझर्वेशन भारतावर उलटवू शकतो. १९७३ मध्ये बांगलादेश युद्धातल्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवरून पाकिस्तान कलम ९ धरून आयसीजेत गेला तेव्हा भारताचा मुद्दा हाच होता की आमची संमती नाही. भारत कोर्टात हजर झाला नाही, दोन देशांत दिल्लीत समझोता झाला आणि डिसेंबरमध्ये पाकिस्तानने केस मागे घेतली, त्यामुळे कोर्टाला या मुद्द्यावर निकाल द्यावाच लागला नाही.

ब्रिटन १९७० मध्ये आत आला आणि येतानाच सांगितलं की भारतासकट अमुक देशांची रिझर्वेशन्स आम्हाला मान्य नाहीत. बास, एवढंच. तह आमच्यात लागू नाही असं म्हटलं नाही. हे साधं ऑब्जेक्शन, आणि तुझा प्रश्न इथेच येतो. कलम २१(३) म्हणतं की अशा वेळी रिझर्वेशन ज्या तरतुदीबद्दल आहे ती तरतूद दोघांत रिझर्वेशनच्या मर्यादेपर्यंत लागू होत नाही. म्हणजे ब्रिटन भारताला कलम ९ खाली परस्पर कोर्टात नेऊ शकत नाही. हातात पडणारा निकाल पाकिस्तानसारखाच! म्हणूनच जजसाहेबांचं म्हणणं टिकत नाही, ऑब्जेक्शनने जर रिझर्वेशन पुसलं जात असतं तर २१(३) लिहायची गरजच नव्हती. मग ऑब्जेक्शन घ्यायचं कशाला? कारण गप्प बसलं की मान्य केल्यासारखं होतं, आणि पुढे कधी रिझर्वेशनच्या वैधतेवर भांडायचं झालं तर दार उघडं ठेवायचं असतं.

नेदरलँड्सने मात्र १९६६ मध्ये टोकाची भूमिका घेतली. कलम ९ वरची ही रिझर्वेशन्स तहाच्या मूळ हेतूशी विसंगत आहेत, म्हणून ज्या देशांनी ती टाकली त्यांना आम्ही तहाचा पक्षच मानत नाही, आणि त्या यादीत भारताचं नाव होतं. असं स्पष्ट बोललं तरच दोघांत तह उभा राहत नाही. स्पष्ट नाही बोललं तर तह चालू.

आता विसंगत आहे की नाही हे ठरवायची कसोटी आयसीजेच्या १९५१ च्या सल्लागार मतातून आली, तेही ७ विरुद्ध ५ अशा मतांनी, कारण तोपर्यंतचा जुना नियम म्हणायचा की सगळे मेंबर हो म्हणतील तरच रिझर्वेशन चालेल. कलम ९ च्या बाबतीत कोर्टाने पुढे काँगो विरुद्ध रवांडा मध्ये (२००६) सांगितलं की हे रिझर्वेशन फक्त कोर्टाच्या अधिकाराबद्दल आहे, नरसंहार न करण्याची जबाबदारी तशीच राहते, म्हणून ते चालतं. मे २०२५ मध्ये सुदानची यूएई विरुद्धची केस याच कारणाने यादीतून काढून टाकली, ९ विरुद्ध ७ ने. त्या सात जणांमुळे लगेच असं समजू नकोस की रिझर्वेशनचा नियम डळमळलाय.

पेपरला एवढं लिही: आधी बघायचं की रिझर्वेशनला तहात परवानगी आहे का आणि ते मूळ हेतूशी जुळतं का, मग समोरचा गप्प बसला, साधं ऑब्जेक्शन घेतलं की तहच नाकारला, आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा सांगायचा. ऑब्जेक्शनचं शेवटचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर देऊच नये, सगळा फरक तिथे असतो आणि यूएनच्या साइटवर प्रत्येक देशाचं मूळ निवेदन मिळतं. मूटमध्ये जज उलट म्हणाले तरी २१(३) चा नंबर शांतपणे सांग आणि आपल्या जागेवर थांब, मान डोलवू नकोस, कोच काहीही म्हणोत.

दोन गोष्टी राहिल्या. भारत व्हिएन्ना कन्व्हेन्शनचा मेंबर नाही आणि त्याचं रिझर्वेशन त्या तहाच्याही आधीचं, म्हणून वरची कलमं रूढी कायदा म्हणून वापरायची आणि तसं लिहायचं, नाहीतर परीक्षक धरतो. आणि मानवी हक्कांच्या तहांत वेगळा प्रकार आहे: १९८८ च्या बेलिलोस केसमध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडचं डिक्लरेशन अवैध ठरवलं आणि देशाला मात्र पूर्ण तहाने बांधलेलंच ठेवलं. माझा मित्र नेहमी हीच केस पुढे करतो. पण तिथे रिझर्वेशन पडलं ते कोर्टाने अवैध ठरवल्यामुळे, कुणी ऑब्जेक्शन घेतलं म्हणून नाही, आणि आमच्या मूटच्या प्रॉब्लेममध्ये रिझर्वेशन अवैध आहे असा दावा अ‍ॅप्लिकंटने केलाच नव्हता.